बारा चेहरे, एक पडदा

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई निवृत्त होताहेत आणि पुणे, नाशिक, दुबईत पांगलेल्या १२ माजी विद्यार्थ्यांना समारंभाला येणं जमत नाही, असं समजा. प्रत्येकानं फोनवर शुभेच्छा रेकॉर्ड करून पाठवायच्या आणि पडद्यावर सगळे एकत्र दिसायचे, असं ठरतं. बहुतेकांनी फोन उभा धरलेला असतो आणि पडदा असतो आडवा. पहिला पेच इथेच पडतो.

पडद्याचं चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचं धरू. त्याचे चार उभे रकाने आणि तीन ओळी केल्या, तर प्रत्येक चौकट ४८० बाय ३६० ची होते. उभा व्हिडिओ तिच्यात बसवला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात आणि निम्म्याहून जास्त चौकट वाया जाते. चौकट भरायला तो मोठा केला, तर कपाळ आणि हनुवटी कापली जाते. त्यापेक्षा सहा रकाने आणि दोन ओळी करा. मग चौकट ३२० बाय ५४० ची, म्हणजे जवळजवळ उभ्या फोनच्याच आकाराची होते. वर-खाली जेमतेम पाच टक्के भाग कापला जातो.

खरी कसोटी आवाजाची. बाराही क्लिप एकदम वाजल्या तर एकही शब्द कळत नाही. म्हणून एका वेळी एकानंच बोलायचं, त्याच्या चौकटीला पिवळी कड द्यायची आणि बाकीच्यांचा आवाज बंद ठेवायचा. पण तेवढा वेळ बाकीच्यांनी करायचं काय? चित्र गोठवलं तर हसताना अर्धवट मिटलेले डोळे तसेच अडकून राहतात. यावर उपाय रेकॉर्डिंगच्या आधीच करावा लागतो: आठ सेकंद बोला, मग दहा सेकंद गप्प राहून कॅमेऱ्याकडे पाहा, असं सगळ्यांना कळवा. एडिटिंगमध्ये तो शांत तुकडा एकदा सुलटा, एकदा उलटा असा आलटून पालटून चालवला की सांधा जाणवत नाही. मला ही दहा सेकंदं फार मोलाची वाटतात. त्यांच्यामुळे बाकीचे अकरा जण बोलणाऱ्याचं ऐकत आहेत असं वाटतं.

शेवटी सगळ्यांनी मिळून ‘धन्यवाद, बाई’ म्हणायचं असेल, तर प्रत्येकाचा वेग निराळा पडणार. एकानं टाळी वाजवून ते वाक्य म्हणावं आणि ती ध्वनिफीत सर्वांना पाठवावी. प्रत्येकानं दुसऱ्या फोनवर इअरफोन लावून ती ऐकत, टाळीला टाळी देत तेच वाक्य म्हणावं. एडिटिंगच्या पट्टीवर टाळी टोकदार सुळक्यासारखी दिसते. बाराही सुळके एका रेषेत आणले की आवाज जुळतात.

क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर चित्र दाबलं जातं. लहान चौकटीत ते फारसं कळत नाही, पण एखादा चेहरा पडदाभर मोठा करायचा झाला तर लगेच उघडं पडतं. तयार फाइल एमपी४ मध्ये काढून आदल्या दिवशी सभागृहातल्याच प्रोजेक्टरवर आणि स्पीकरवर लावून पाहा. पंख्याची घरघर आणि एखाद्याचा दबका आवाज तिथेच लक्षात येतो.