केबलच्या टोकाकडे जरा निरखून बघा

आयफोन ५ पासून १४ पर्यंत, म्हणजे २०१२ ते २०२२, सगळ्यांना लायटनिंग केबल लागते. २०२३ च्या आयफोन १५ पासून यूएसबी-सी आलं. दोन्ही उलटसुलट कशाही बसतात, पण लायटनिंगचं टोक भरीव पट्टी असतं, तर सी पोकळ, कारण त्याची जीभ फोनच्या आत असते.

खरी गंमत लायटनिंगच्या टोकात आहे. तिथे एक ओळख पटवणारी चिप असते आणि फोन ती तपासतो. स्वस्तातल्या केबलमध्ये नकली चिप असते. म्हणून ती आठवडाभर चालते आणि एक दिवस स्क्रीनवर येतं: “This accessory may not be supported”. अर्थात पोर्टमध्ये खिशातला कचरा अडकला तरी हेच येतं, तेव्हा आधी तो साफ करा.

मी काल स्टेशनबाहेरून घेतलेली केबल अॅपलच्या केबलशेजारी भिंगाखाली धरली. अस्सलचे आठ संपर्क गुळगुळीत, कडा गोलसर. नकलीचे चौकोनी, खरखरीत. अस्सलच्या टोकाभोवतीची चकती करडी, नकलीची पांढरी. अॅपलच्या केबलवर यूएसबी टोकापासून साधारण सात इंचांवर ‘डिझाइन्ड बाय अॅपल इन कॅलिफोर्निया’ आणि पुढे अनुक्रमांक छापलेला असतो. दुसऱ्या कंपनीची प्रमाणित केबल असेल तर ही छपाई नसते. तिथे खोक्यावर ‘मेड फॉर आयफोन’चा शिक्का शोधायचा. शिक्काही नकली छापतात, म्हणून माझा भरवसा भिंगावर जास्त.

आयफोन १५ वाल्यांना ही चिपची कटकट नाही, साधी चांगली सी केबल चालते.