‘कीबोर्ड बिघडला’ एवढ्याने भागत नाही

वाद्यांच्या दुकानात येणारी तक्रारपत्रे बहुधा एकाच साच्यातली असतात. कीबोर्ड नीट वाजत नाही, मुलाची परीक्षा जवळ आली आहे, मनस्ताप झाला, ताबडतोब नवा द्या. यातला मनस्ताप खरा असतो, पण सर्व्हिस सेंटरच्या माणसाला त्याचा काहीच उपयोग नसतो. त्याला ठरवायचे असते एकच: दोष वाद्यात मुळातच होता, की घरात पाणी, मुंग्या, झुरळे किंवा चुकीचा अ‍ॅडॉप्टर यांमुळे बिघाड झाला? पहिला दोष वॉरंटीत बसतो, दुसरा बहुधा बसत नाही. पत्रात याचे उत्तर नसेल तर ते तो आपल्या सोयीने देतो.

हे उत्तर बऱ्याचदा कीबोर्डच देत असतो. प्रत्येक पट्टीखाली रबराची पट्टी असते आणि तिला कार्बनचे दोन ठिपके असतात. बोट दाबले की आधी एक ठिपका सर्किटला टेकतो, मग दुसरा. मधला वेळ जितका कमी तितका आवाज मोठा. धूळ किंवा ओल शिरली की एखाद-दुसरी पट्टी अडखळते: कधी वाजतच नाही, तर कधी हलक्या हाताने दाबली तरी खणखणीत वाजते. अशा सुट्या, विखुरलेल्या पट्ट्या दिसल्या की सर्व्हिसवाला ‘वापरातला बिघाड’ म्हणून मोकळा होतो.

ठरावीक अंतराने पट्ट्या बंद पडल्या, तर मात्र गोष्ट वेगळी. प्रत्येक पट्टीला स्वतंत्र तार द्यायला जागा नसते, म्हणून सर्किटमध्ये त्या आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत बसवलेल्या असतात. जाळीतली एक ओळ तुटली की तिच्यावरच्या साऱ्या पट्ट्या एकदम मुक्या होतात. बहुतेकदा दर आठवी. धूळ काही मोजून आठव्या पट्टीवर बसत नाही! असा बिघाड सर्किटचा, सुटलेल्या रिबन केबलचा किंवा कच्च्या सोल्डरिंगचा असण्याची शक्यता मोठी.

उदाहरणादाखल सांगलीच्या एका पालकांनी पुण्यातल्या दुकानाला पाठवलेले पत्र कसे असावे, ते पाहू.

‘महोदय, दि. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्याकडून १८,५०० रुपयांना ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला. बिल, वॉरंटी कार्ड व तळाच्या सिरियल नंबरचा फोटो सोबत जोडला आहे. वॉरंटी ८ नोव्हेंबर २०२५ पर्यंत आहे. दि. १४ जून २०२५ पासून काळ्या-पांढऱ्या मिळून डावीकडून ५, १३, २१, २९, ३७, ४५, ५३ आणि ६१ या पट्ट्या वाजत नाहीत. बाकीच्या व्यवस्थित वाजतात. फॅक्टरी रीसेट केले, सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर काढून नव्या बॅटऱ्यांवरही वाजवून पाहिले, फरक नाही. व्हिडिओ पाठवत आहे. वाद्य उघडलेले नाही. त्यावर पाणी सांडलेले नाही. १५ दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करून द्यावी. ते शक्य नसल्यास वाद्य बदलून द्यावे. ताब्यात घेताना जॉबशीट द्यावी.’

पत्रात राग नाही आणि पहिल्याच फटक्यात पैसे परत मागितलेले नाहीत. वॉरंटीचे वचन बहुधा दुरुस्तीचे असते. थेट परतावा मागितला की दुकानदाराला ‘तशी आमची पॉलिसी नाही’ म्हणायला आयतीच जागा मिळते. बॅटरीची ओळही उगाच नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या अ‍ॅडॉप्टरांच्या पिनचे धन-ऋण उलटे असू शकते आणि परक्या अ‍ॅडॉप्टरने सर्किट जळू शकते. ती शंका या एका ओळीने बरीच मिटते. आणि कृपा करून स्क्रू सोडून रबर पुसायला जाऊ नका. सील तुटले की पुढचा सगळा युक्तिवाद तिथेच संपतो.

‘आम्ही फक्त विकतो, कंपनीला फोन करा,’ असे दुकानदार म्हणतोच. पत्र दुकानालाच पाठवावे, प्रत कंपनीला द्यावी. ई-मेल करावा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टही. या तारखेला फार किंमत आहे. ‘पार्ट आला नाही’ म्हणत दोन-तीन महिने सहज जातात आणि मधेच वॉरंटी संपते. तक्रार मुदतीत केली होती, हे मग या पावतीवरून आणि जॉबशीटवरूनच दाखवता येते. फोनवरचे बोलणे तिथे उपयोगी पडत नाही.

मुदत उलटूनही उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे सांगलीच्या ग्राहकाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. वकील सक्तीचा नाही, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.