कॉटेज चीजचा दाणा चिवट का होतो?

दोन लिटर दुधाचं कॉटेज चीज मी पहिल्यांदा केलं, तेव्हा दाणे दिसायला सुरेख होते, पण दाताखाली करकरत होते. मी दोष गॅसला दिला. खरी चूक त्याआधीच, दही कापताना झाली होती.

हे चीज पनीरसारखं उकळत्या दुधात लिंबू पिळून होत नाही. साय काढलेलं पाश्चराइज्ड दूध साधारण 30 अंशांवर आणून त्यात चार चमचे ताजं ताक विरजायचं आणि तासाभराने रेनेटचा एकच थेंब थंड पाण्यात मिसळून घालायचा. टेट्रापॅकचं दूध मात्र घेऊ नये. ते फार तापवलेलं असल्याने त्याचा घट्ट दाणा धरत नाही.

गोम रेनेटमध्ये आहे. त्याने दूध लवकर थिजतं. सुरी घालून उचलली की स्वच्छ चीर पडते, आणि आपल्याला वाटतं, झालं. पण आंबटपणा अजून यायचा असतो. दुधातलं कॅल्शियम प्रथिनांच्या कणांना घट्ट सांधून ठेवतं. आम्लता वाढली की ते विरघळून पाण्यात उतरतं आणि दाणा मऊ होतो. मी पाच तासांतच कापलं, कॅल्शियम आतच राहिलं. रेनेट जास्त पडलं तरी हाच घोटाळा होतो. आता मी रात्रभर थांबते आणि चिरेतलं पाणी चाखते. ते ताज्या दह्याइतकं आंबट लागलं, की सेंटिमीटरभर चौकोन कापते. फार उशीर झाला तर उलटं होतं, दाणा ढवळताना भुगा होतो.

कापल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. मग भांडं गरम पाण्यात ठेवून, हलकेच ढवळत, तास-सव्वा तासात 50 अंशांपर्यंत न्यायचं. घाई केली तर दाण्यावर कातडी धरते, आतलं पाणी अडकतं. बाहेर रबर, आत लिबलिबीत. एक दाणा मोडून पाहावा. आतबाहेर सारखा दिसला, की आच बंद.

निवळी गाळून दाणे तीनदा धुवायचे: आधी साध्या पाण्याने, मग गार, शेवटी बर्फाच्या. आंबट निवळी निघून जाते, आणि दाणे पटकन गार झाल्याने आणखी आवळत नाहीत, एकमेकांना चिकटतही नाहीत. फडक्यात अर्धा तास निथळू द्यावेत, पिळू नयेत.

दोन लिटरांचे साधारण 300 ग्रॅम दाणे होतात. त्यांना अर्धी वाटी गार साय पुरते, आणि मीठ पाऊण चमचा. मीठ मी सायीतच विरघळवते, म्हणजे ते सगळीकडे सारखं लागतं. कालवल्यावर लगेच चीज पातळ दिसतं, पण फ्रिजमध्ये रात्रभरात दाणे साय पितात आणि सकाळी प्रत्येक दाण्याभोवती तिचा पातळ थर राहतो.