पहिल्या पानावर आधी काय दिसतं?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचं लक्ष राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीकडे लागलेलं असतं. तिथे पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. रात्री पाणी ४३ फुटांवर गेलं की दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक दैनिकाची मुख्य बातमी कोणती, याबद्दल वाद उरत नाही. ती पानावर कशी लावायची, हे मात्र रात्री उशिरा, छपाईला पान सोडायच्या घाईत ठरतं आणि तिथेच बऱ्याचदा घोळ होतो.

समजा, अशा एका सकाळचं पान समोर आहे. पुराची बातमी पाच कॉलम. तिच्या शेजारी पालकमंत्र्यांच्या दौऱ्याची तीन कॉलमी बातमी, लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत. खाली ऊसदराची बैठक, महामार्गावरचा अपघात, दोन-तीन छोट्या बातम्या आणि उजव्या कोपऱ्यात जाहिरात. पान तपासायचं तर आधी ते वाचायचं नाही, नुसतं बघायचं. हात लांब करून, डोळे किलकिले करून. किंवा सरळ उलटं धरून. शब्द कळेनासे झाले की पानावर उरतात ते फक्त काळे, करडे आणि रंगीत ठोकळे. त्यातला सगळ्यात ठळक ठोकळा मुख्य बातमीचा असायला हवा. या पानावर मात्र नजर लाल पट्टीवर जाते. पूर दुसऱ्या क्रमांकावर ढकलला गेला आहे.

मथळ्यांची उतरंड बिघडते ती अशी. इंग्रजी पानाला कॅपिटल अक्षरं आणि तिरका टाइप या जादा सोयी असतात. देवनागरीत कॅपिटल नाहीत आणि तिरपी केलेली अक्षरं सहसा ओढूनताणून वाकवल्यासारखी दिसतात. त्यामुळे बातमीचं वजन दाखवायला टाइपाचा आकार, त्याची जाडी आणि मथळा किती कॉलमांवर पसरलाय, एवढीच साधनं हाताशी राहतात. मुख्य मथळा ६० पॉइंटच्या आसपास असेल, तर दुसरी बातमी ४० च्या घरात आणि एक कॉलमी मथळे २२-२४ पर्यंत उतरले पाहिजेत. हे आकडे दैनिकागणिक बदलतील, पण पायऱ्यांमधलं अंतर उघड्या डोळ्यांनी कळलं पाहिजे. ६०, ५४ आणि ५० पॉइंटचे तीन मथळे एकाच पानावर आले की तिन्ही सारखेच मोठे वाटतात आणि वाचकाला क्रम लागत नाही. मग फरक दाखवण्यासाठी रंगीत पट्टी येते. चार रंगांच्या छपाईत एखादा रंग केसभर सरकला की पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांच्या बारीक मात्रा बुजतात, तो तोटा वेगळाच.

मराठी मथळ्याचं आणखी एक दुखणं आहे. ‘पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली’ हा मथळा जागेत बसला नाही की संगणकावर अक्षरं आडवी दाबली जातात किंवा दोन ओळींमधलं अंतर कमी केलं जातं. देवनागरीत अक्षराच्या वरही चिन्हं असतात आणि खालीही. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीतल्या ‘पू’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘की’च्या वेलांटीला जाऊन भिडतो आणि दोन्ही अक्षरं डागाळल्यासारखी दिसतात. अशा वेळी अक्षरं दाबण्यापेक्षा शब्द कमी करावेत. ‘पंचगंगा धोका पातळीवर’ एवढ्यानं काम भागतं आणि टाइप आपल्या मूळ घडणीत राहतो.

आता छायाचित्र. अमेरिकेतल्या पॉइंटर संस्थेसाठी मारिओ गार्सिया आणि पेगी स्टार्क यांनी वाचकांच्या नजरेचा माग घेतला होता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की वाचक पानात शिरतो तो बहुतेकदा मोठ्या छायाचित्रातून. म्हणजे पुराचं छायाचित्र चुकीच्या जागी गेलं, तर चांगला मथळाही उपयोगी पडत नाही.

इथे हिशेब करावा लागतो. मोठ्या आकाराच्या दैनिकाचा छापील भाग साधारण ३३ सेंटिमीटर रुंद आणि ५२ सेंटिमीटर उंच असतो. स्टॉलवर अंक घडी घालून ठेवलेला असतो, म्हणून दिसतात ते वरचे २६ सेंटिमीटर. त्यातले ७ दैनिकाच्या नावाला आणि ५ मथळा-उपमथळ्याला गेले, तर उरतात १४. पाच कॉलमी छायाचित्र सुमारे २० सेंटिमीटर रुंद होतं. नेहमीच्या तीनास दोन प्रमाणात त्याची उंची साडेतेरा-चौदा भरते. खाली ओळ टाकली की ते घडीच्या पलीकडे जातं आणि पाण्यातून दोरीला धरून येणाऱ्या माणसाच्या पायांवरून घडी पडते. तेच चार कॉलमी लावलं तर उंची अकराच्या आत राहते आणि ओळीसकट सगळं घडीच्या वर मावतं. उरलेल्या कॉलमात बातमीची सुरुवातही दिसते. इथे छायाचित्र लहान केल्यानं बातमी मोठी होते.

समोरच्या पानावर ते पाच कॉलमी आहे, शिवाय त्याची उजवी कड दौऱ्याच्या बातमीला खेटलेली आहे. मध्ये रेघ नाही, मोकळी जागा नाही. घाईत बघणाऱ्याला ते छायाचित्र मंत्र्यांच्या दौऱ्याचंच वाटेल.

कॉलमांची लय घडीच्या खाली बिघडते. तिथे दोन बातम्या शेजारीशेजारी, सारख्याच टाइपात लागल्या आहेत. डावीकडे ‘पालकमंत्री आज’ आणि खाली ‘पूरग्रस्त गावांत’, असा चौकटीतला पोटमथळा. उजवीकडे ‘बंधारे पाण्याखाली’ आणि खाली ‘वाहतूक वळवली’. नजर आडवी सरकते आणि वाचक वाचतो, ‘पालकमंत्री आज बंधारे पाण्याखाली’. दोन मथळे कधीही एका रेषेत, एका आकारात ठेवू नयेत, हा पान लावणाऱ्यांचा जुना नियम अशाच वाचनांमुळे आला. एक मथळा चार ओळी खाली उतरवला, किंवा एक दोन कॉलमी आणि दुसरा एक कॉलमी केला, तरी गोंधळ टळतो.

दुसरा दोष बारकाईनं पाहिल्यावर कळतो. आठ कॉलमी पानात एका कॉलमाला चार सेंटिमीटरही मिळत नाहीत. मराठी शब्दाला प्रत्यय चिकटतात, त्यामुळे ‘जिल्हाधिकाऱ्यांनी’, ‘स्थलांतरितांसाठी’ असे लांब शब्द एका ओळीत दोनच बसतात. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हणून संगणक मधली जागा ताणतो. ओळीखाली ओळ अशी ताणली गेली की मजकुरात पांढऱ्या भेगा पडतात आणि वाचणाऱ्याची नजर ठेचकाळते. उपाय सोपा आहे. बातमीचा पहिला परिच्छेद दोन कॉलम रुंदीचा करावा, आणि अरुंद कॉलमात उजवी कड मोकळी सोडावी किंवा लांब शब्द बदलावा.

पानाला मर्यादाही असतात. जाहिरातीची जागा आधीच ठरलेली असते. लांबच्या तालुक्यांसाठी निघणारी डाक आवृत्ती लवकर सुटते, तेव्हा नदी कदाचित ४२ फुटांवरच असते. शहर आवृत्तीसाठी पान पुन्हा उलगडावं लागतं आणि त्यात पट्टी, चौकट, मथळा बदलताना जुना एखादा तुकडा तसाच राहून जातो. समोरच्या पानातल्या चौकटीचा मथळा बहुधा असाच राहिला असावा.

तरीही हे पान दुरुस्त करायला नवी बातमी किंवा नवं छायाचित्र लागत नाही. लाल पट्टी काढायची, छायाचित्र एक कॉलमानं कमी करून बाजूला रेघ ओढायची आणि चौकट खाली सरकवायची. तिन्ही जमत नसेल तर पट्टी आधी काढावी, कारण पुराचा पहिला क्रमांक तिनंच हिरावला आहे. वाचकांनीही दैनिकाला पत्र लिहिताना मजकुरावर लिहावंच, पण पान लावण्याबद्दलही लिहावं. कोणत्या तारखेच्या अंकात कुठे नजर अडखळली, एवढं कळवलं तरी पुरे.