तीन मिनिटांत कांदाचाळ

हॅकेथॉनमध्ये दिवसरात्र जागून केलेलं काम परीक्षकांपुढे मांडायला अनेकदा तीनच मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात समस्या सांगायची, नमुना चालवून दाखवायचा आणि पुढे काय करणार तेही सांगायचं. हे तीन भाग सुटे ठेवले की मांडणी फसते.

समजा, चार विद्यार्थ्यांनी कांदाचाळीतला ओलावा ओळखणारं यंत्र बनवलंय. ‘शेतकऱ्यांचं फार नुकसान होतं’ अशी सुरुवात कुठल्याही यंत्राला चालेल. त्याऐवजी त्यांनी म्हणावं, ‘कांदा सडायला लागतो तो ढिगाच्या आत, जिथे हवा खेळत नाही तिथे. वास बाहेर येईपर्यंत शेजारचे कांदेही गेलेले असतात.’ चाळीस सेकंदांत एवढं सांगितलं की मग आतलं कळणार कसं, हा प्रश्न ऐकणाऱ्यालाच पडतो.

त्याचं उत्तर प्रात्यक्षिकाने द्यायचं. त्याला दीड मिनिट द्यावं. टेबलावर कांद्याचं क्रेट, त्यात आर्द्रता मोजणारा सेन्सर, आणि ॲप आधीच उघडलेलं. लॉगिनमध्ये वेळ घालवायचा नाही. एकाने सेन्सरवर तोंडाची वाफ सोडावी. पडद्यावरचा आकडा साठावरून ऐंशीकडे चढतो आणि शेतकऱ्याचा म्हणून ठेवलेला फोन वाजतो. तोवर बाकीच्यांनी गप्प राहावं.

घोटाळा होतो तो इथेच. सभागृहाचं वायफाय शेकडो जण वापरत असतात, म्हणून स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट हवा आणि याच प्रयोगाचा आधी केलेला व्हिडिओही जवळ हवा. दुसरी अडचण तर लक्षातच येत नाही. मंचावर जाण्याआधी ‘एकदा बघू’ म्हणून वाफ सोडली, तर सेन्सर लगेच कोरडा होत नाही. आकडा मर्यादेच्या वरच राहतो आणि ओलांडताना एकदाच वाजणारा फोन पुन्हा वाजत नाही. म्हणून दुसरा, कोरडा सेन्सर तयार ठेवावा. एखादा आकडा हाताने भरलेला असेल तर तसं सांगून टाकावं; प्रश्नोत्तरांत ते उघडं पडलं, तर खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो.

उरलेल्या वेळात पुढचं काम. ‘देशभर नेऊ’ यातून काहीच कळत नाही. नमुना कुठे कमी पडतो तिथूनच पुढची पायरी निघते. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते, मग कांदा सडलेला नसतानाही हा फोन वाजेल. म्हणून, ‘चाळीबाहेर दुसरा सेन्सर लावून आतला-बाहेरचा फरक मोजू. एका चाळीत पावसाळाभर ठेवू आणि फोन वाजेल तेव्हा ढीग उकरून कांदा खरंच सडलाय का ते पाहू.’

दहा-पंधरा सेकंद शिल्लक राहू द्यावेत. परीक्षकाने मग ‘एका चाळीला सेन्सर किती लागतील?’ असं विचारलं, तर समजावं की तो मनाने चाळीत पोचलाय.