काकींच्या पापडांची चिठ्ठी

मोठ्या काकींच्या हातची उडदाच्या पापडांची चिठ्ठी जुन्या डब्याच्या तळाशी सापडली. ‘पीठ १ शेर’ स्वच्छ वाचता येते. त्याखाली ‘पापडखार २’, पुढे एक उभी रेघ, मग तेलाचा डाग आणि शेवटी ‘तोळे’.

वहीत एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, हे पेढीवर बसलेल्या वाचकांना सांगावयास नको. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, तोळा ११.६६ ग्रॅमचा; तेव्हा खार २६, २९ किंवा ३२ ग्रॅम. कमी पडला तर पापड फुलत नाही, जास्त झाला तर लालसर व कडवट होतो.

सूनबाई म्हणाली, “बाबा, अडीचच लिहा ना!” पुसट आकड्याचा धनादेश मी बँकेत कधी अंदाजाने वटवला नाही. चिठ्ठी खिडकीशी तिरप्या उजेडात धरली. मिऱ्यांच्या ओळीतील दोन रेघांमधले अंतर मोजले. डागाखाली आणखी एक रेघ मावते, दोन मावत नाहीत. पावणेतीन गळाले, सव्वादोन की अडीच, हे उरलेच.

म्हणून नकलेत लिहिले: ‘पापडखार २। [डाग; दुसरी रेघ असू शकेल] तोळे’. खाली वेगळ्या शाईने, तारखेसह: ‘आम्ही २९ ग्रॅम घातला’. पापड छान फुलले. तरी कंस तसाच ठेवला आहे, कारण आजचा खार काकींच्या खाराइतकाच तीव्र असेल असे नाही.