कप्पा नंबर सात: टाइप टूची तीस वर्षं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या सँड प्लांटमध्ये १९९४ साली आम्ही एक एमसीसी उभं केलं. पॅनेल उद्यमनगरात बनलं होतं. त्यातला सातवा कप्पा बकेट एलिव्हेटरचा. मोटर दहा एचपीची, म्हणजे साडेसात किलोवॅट, ४१५ व्होल्टला साधारण साडेचौदा अँपिअर घेणारी. वाळू खालून वर नेणं एवढंच तिचं काम. पण ती थांबली की मिक्सर थांबतो, मिक्सर थांबला की मोल्डिंग थांबतं आणि वितळलेलं लोखंड भट्टीत ताटकळतं. गेल्या तीस वर्षांत हा कप्पा मी तीनदा मुळापासून बदललेला पाहिला. टाइप टू म्हणजे काय, हे मला कळलं ते बहुतेक या कप्प्यामुळेच.

‘टाइप टू’ हा शब्द मी पहिल्यांदा एका साखर कारखान्याच्या टेंडरमध्ये वाचला. आयएस १३९४७ हे मानक तेव्हा नवं होतं, १९९३ चं. त्याआधीच्या मानकात समन्वयाचे अ, ब, क असे तीन प्रकार असायचे. नव्यात दोनच उरले. शॉर्ट सर्किट झाल्यावर माणसाला आणि बाकीच्या पॅनेलला धोका झाला नाही, पण स्टार्टरचे भाग बदलावे लागले, तर टाइप वन. धोका झाला नाही आणि कॉन्टॅक्टर व ओव्हरलोड रिले पुढेही वापरण्याजोगे राहिले, तर टाइप टू. कॉन्टॅक्ट थोडे चिकटण्याची शक्यता मानक टाइप टूमध्येही गृहीत धरतं. ते सहज सुटे व्हायला हवेत, एवढीच अपेक्षा. रिलेला मात्र सवलत नाही. शॉर्टनंतरही त्याची ट्रिप होण्याची वेळ आधी होती तशीच राहिली पाहिजे.

त्या टेंडरच्या वेळी माझा समज असा होता की टाइप टू हा चांगल्या मालाचा एक दर्जा आहे. महागडा कॉन्टॅक्टर घेतला की तो आपोआप मिळतो. हा समज बरीच वर्षं टिकला आणि एका मोटरच्या जिवावर उठला.

१९९४ चा कप्पा साधा होता. स्विच-फ्यूज, त्यात ३२ अँपिअरचे तीन एचआरसी फ्यूज, खाली कॉन्टॅक्टर, त्याला लागून बायमेटल रिले. कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर २५० केव्हीएचा. ४३३ व्होल्टला त्याचा पूर्ण भाराचा करंट ३३३ अँपिअर. इम्पिडन्स साडेचार टक्के धरला, तर बसबारवर शॉर्ट झाल्यास जास्तीत जास्त सात-साडेसात किलोअँपिअर वाहणार. भट्टी तेव्हा कुपोलाची होती, विजेचा भार बेताचाच.

२००३ मध्ये कुपोला जाऊन इंडक्शन फर्नेस आली. कोल्हापुरात त्या काळात अनेकांनी हेच केलं. फर्नेसला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आला आणि बाकी वाढलेल्या मशिनरीसाठी २५० च्या जागी १००० केव्हीएचा बसला. त्याचा पूर्ण भाराचा करंट १३३३ अँपिअर आणि इम्पिडन्स पाच टक्के, म्हणजे बसबारवरचा फॉल्ट एकदम साडेसव्वीस किलोअँपिअरच्या पुढे. सातव्या कप्प्यात एक स्क्रूही बदलला नव्हता, तरी त्याच्या पाठीमागची ताकद साडेतीनपट झाली होती. बसबारचे सपोर्ट आम्ही तपासले, मेन ब्रेकर बदलला, पण फीडरांचा विचार कुणाच्या मनात आला नाही.

आणि नवल म्हणजे काही बिघडलंही नाही. त्याचं श्रेय फ्यूजचं. सव्वीस किलोअँपिअरचा फॉल्ट मोकळा वाहिला, तर पहिल्या लाटेचं शिखर पन्नास किलोअँपिअरच्या वर जातं. पण ३२ अँपिअरचा एचआरसी फ्यूज त्या शिखराची वाटच पाहत नाही. लाट चढत असतानाच, काही मिलिसेकंदांत, तो वितळतो. कॉन्टॅक्टर आणि रिलेमधून प्रत्यक्ष जातो तो तीनेक किलोअँपिअरचा एक छोटा ठोसा. पाठीमागचा ट्रान्सफॉर्मर मोठा झाला, तरी हा ठोसा त्या मानाने फारसा वाढत नाही.

फ्यूजचा त्रास मात्र रोजचा होता. तिघांपैकी एक उडाला की मोटर दोन फेजवर घुंई करत राहायची. रात्रपाळीत ३२ चा फ्यूज संपला की ६३ चा बसायचा. त्यामुळे २००६ मध्ये सगळ्या फीडरांचे स्विच-फ्यूज काढून एमसीसीबी बसवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी ते उचलून धरलं. मीही धरलं. सातव्या कप्प्यात ३२ अँपिअरचा, ३६ किलोअँपिअर क्षमतेचा थर्मल-मॅग्नेटिक ब्रेकर बसला. २६ पेक्षा ३६ मोठे, म्हणून हिशेब बरोबर वाटला. कॉन्टॅक्टर आणि रिले चांगले चालत होते, ते तसेच ठेवले.

ब्रेकरची ३६ किलोअँपिअर ही क्षमता म्हणजे तो स्वतः न फुटता केवढा फॉल्ट तोडू शकतो, त्याचा आकडा. तोडेपर्यंत तो खाली किती करंट जाऊ देतो, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. साधा एमसीसीबी फ्यूजइतका करंट दाबत नाही. त्याच्या मागचा कॉन्टॅक्टर आणि रिले फ्यूजच्या भरवशावर निवडलेले होते. फ्यूज गेला आणि त्यांचा समन्वयही त्याच्याबरोबर गेला.

२००८ च्या पावसाळ्यात त्याचा हिशेब चुकता झाला. पॅनेलखालच्या ट्रेंचमध्ये, ग्लँडपासून हातभर अंतरावर, केबल दाबली गेली होती. पाणी आलं आणि शॉर्ट झाला. जागा महत्त्वाची आहे. हाच शॉर्ट मोटरच्या टर्मिनलवर झाला असता, तर मधल्या चाळीस मीटर चार स्क्वेअरच्या तांब्याच्या केबलने करंट हजार-तेराशे अँपिअरवर आणला असता. पॅनेलच्या पायाशी झाल्यामुळे तो जवळजवळ पूर्ण ताकदीने आला.

ब्रेकर ट्रिप झाला. दार उघडलं तर कॉन्टॅक्टर बंद अवस्थेतच अडकलेला.

“साहेब, चिकटलाय बघा,” वायरमन म्हणाला. स्क्रूड्रायव्हरने त्याने कॉन्टॅक्ट सुटे केले आणि कानसही मारली. कॉन्टॅक्ट असे का चिकटतात, ते सांगतो. दोन कॉन्टॅक्ट पूर्ण पृष्ठभागाने टेकत नाहीत, काही बारीक बिंदूंवरच टेकतात. प्रचंड करंट त्या बिंदूंतून जाताना त्यांना एकमेकांपासून ढकलतो. स्प्रिंगपेक्षा हा जोर वरचढ झाला की फट पडते, फटीत आर्क होतो, चांदीचा मिश्रधातू वितळतो, आणि करंट थांबताच स्प्रिंग वितळलेल्या कॉन्टॅक्टना पुन्हा दाबून बसवते. कानस मारणं ही मात्र चूक होती. त्या मिश्रधातूचा थर पातळ असतो. कानशीत तोच निघून जातो आणि पुढच्या वेळी चिकटणं आणखी सोपं होतं.

मग त्याने रिलेचं निळं बटण दाबलं. टक आवाज झाला. “रिसेट झाला की. रिले चांगला आहे, चालू करूया.” मी मान डोलावली. केबलचा तुकडा बदलून संध्याकाळी प्लांट सुरू झाला.

तीन आठवड्यांनी ओल्या वाळूने एलिव्हेटरचा खालचा भाग गच्च भरला आणि मोटर जागीच अडकली. अडकलेली मोटर सुमारे शंभर अँपिअर घेते, म्हणजे सेटिंगच्या सातपट. एवढ्यावर दहाच्या क्लासचा रिले थंड असला तरी चार ते दहा सेकंदांत सुटायला हवा. हा सुटला नाही. ब्रेकरचा थर्मल भाग ३२ च्या हिशेबाने चालणारा. शंभर अँपिअर त्याच्यासाठी तिप्पटच, म्हणून तो निवांत. आणि त्याचा मॅग्नेटिक भाग तीनशे अँपिअरच्या पुढे जागा होणार होता. वास आला तेव्हा वाइंडिंग काळं पडलं होतं.

रिवाइंडिंगला मोटर पाठवल्यावर मी तो रिले काढून करंट इंजेक्शन सेटवर लावला. तिन्ही पोल सीरिजमध्ये जोडले, सेटिंग साडेचौदा, करंट १०४ अँपिअर, म्हणजे बरोबर ७.२ पट. दहा सेकंद गेले, वीस गेले. पाऊण मिनिटाने तो सुटला. मग प्रत्येक पोलवरचा मिलिव्होल्ट ड्रॉप मोजला. दोन पोल जवळजवळ सारखे होते, मधला स्पष्टपणे वेगळा. शॉर्टच्या त्या काही मिलिसेकंदांत बायमेटलची पट्टी इतकी तापली होती की तिचं वाकणंच बदललं होतं. बाहेरून एक डागही नव्हता. रिसेटचं बटण फक्त लॅच सांगतं, पट्टीबद्दल काही सांगत नाही. जुन्या मानकातला ‘ब’ प्रकार नेमका याच अवस्थेचा होता: रिलेचं वागणं कायमचं बदललं तरी चालेल. टाइप टूमध्ये ते चालत नाही.

त्यानंतर मी स्विचगिअर कंपनीचा टाइप टू चार्ट पहिल्यांदा नीट वाचला. साडेसात किलोवॅटच्या ओळीत ब्रेकरचा नंबर, त्याचं मॅग्नेटिक सेटिंग, कॉन्टॅक्टरचा नंबर आणि रिलेची रेंज असतात. वर ४१५ व्होल्ट आणि ५० किलोअँपिअर असं लिहिलेलं असतं. हे सगळं मिळून एकच गोष्ट असते. ती प्रयोगशाळेत एकत्र जोडून, खरा शॉर्ट देऊन तपासलेली असते. दोन वेगवेगळ्या करंटवर चाचणी होते. एक तो मोठा, चार्टवर छापलेला. दुसरा लहान, आमच्या मोटरच्या मापासाठी एक किलोअँपिअर. लहान का, तर एवढ्या करंटला ब्रेकर सावकाश तोडतो आणि कॉन्टॅक्टना जास्त वेळ सोसावं लागतं. केबलच्या टोकाला होणारा शॉर्ट नेमका याच मापाचा असतो. शिवाय एकदा कॉन्टॅक्टर आधीच बंद असताना, आणि एकदा कॉन्टॅक्टरनेच शॉर्टवर बंद होताना. यातला एकही भाग दुसऱ्या मेकचा लावला, तर तो स्वतः कितीही उत्तम असला तरी ती चाचणी आपल्या पॅनेलची राहत नाही.

चार्टमधला कॉन्टॅक्टर आमच्या जुन्यापेक्षा दोन माप मोठा निघाला. मोटर चालवायला एवढा लागत नाही. शॉर्टच्या ठोशात स्प्रिंगने कॉन्टॅक्ट धरून ठेवावेत म्हणून लागतो. तो जुन्या प्लेटवर मावेना. प्लेट नवी कापली, वायरिंग पुन्हा केलं. ब्रेकर मोटरसाठीचा घेतला, फक्त मॅग्नेटिक, सुमारे १९० अँपिअरला सुटणारा. ओव्हरलोडचं काम पूर्ण रिलेवर सोडलं. बाकीचे फीडर पुढच्या दोन वर्षांत बदलले, खर्च मिळेल तसे.

२०१९ मध्ये जुनी मोटर जाऊन जास्त कार्यक्षमतेची आयई-थ्री बसली आणि कप्पा पुन्हा कुरकुरू लागला. अशा मोटरचा सुरुवातीचा पहिला झटका जुनीपेक्षा मोठा असतो. दहा वेळा चालू केलं तर एकदा ब्रेकर जागच्या जागी सुटायचा. सगळे म्हणाले, सेटिंग वाढवा. त्या ब्रेकरवर डायल होती, वाढवणं सोपं होतं. पण वाढवलं की चार्टची ओळ मोडते आणि एक किलोअँपिअरच्या आसपासचा शॉर्ट तुटायला जास्त वेळ लागतो. आयईसीच्या २०१८ च्या आवृत्तीत अशा मोटरांसाठी एसी-३ई ही वेगळी श्रेणी आली, ती याच अडचणीमुळे. आम्ही आयई-थ्रीसाठीची ओळ असलेला नवा चार्ट मागवला आणि तिन्ही भाग त्यातले बसवले.

आता सातव्या कप्प्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लॅमिनेट केलेला कागद आहे. त्यावर चार्टची ती एक ओळ, ट्रान्सफॉर्मरचा केव्हीए आणि बसबारवरचा फॉल्ट लिहिलेला आहे. खाली मार्करने एक सूचना: शॉर्टनंतर कॉन्टॅक्ट उघडून बघणे, कानस मारू नये, रिले इंजेक्शनवर तपासल्याशिवाय चालू करू नये. गेल्या उन्हाळ्यात रिले बदलायची वेळ आली. बाजारात त्याच रेंजचा दुसऱ्या कंपनीचा लगेच मिळत होता, चार्टमधला चार दिवसांनी. नव्या इलेक्ट्रिशियन मुलाने दाराचा फोटो काढून मला पाठवला आणि विचारलं, “सर, चार दिवस शेजारच्या बंद फीडरचा रिले काढून लावू का? नंबर तोच आहे, मापही तेच आहे.” मी त्याला आधी तो इंजेक्शनवर लावायला सांगितला. १०४ अँपिअरला सात सेकंदांत सुटला.